बी.कॉम. झालंय, ईआरपी सपोर्टची नोकरी हवीय? अर्जात ‘येतं’ लिहू नका, ‘केलं’ लिहा



आपल्यापैकी बरेच जण बी.कॉम. झालेले आहेत. पुढे स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, पण आधी दोन वर्षं कुठेतरी नोकरी करून धंदा आतून बघायचाय. अशांसाठी एक नोकरी मला फार उपयोगाची वाटते : ज्युनिअर ईआरपी सपोर्ट ॲनालिस्ट. कारण सोपं आहे. या खुर्चीत बसलेल्या माणसाला रोज वेगवेगळ्या दुकानांचे, कारखान्यांचे, डिस्ट्रिब्युटरचे फोन येतात. माल कुठे अडकतो, पैसा कुठे दडतो, बिल कुठे चुकतं, हे त्याला इतरांच्या पैशावर शिकायला मिळतं.

पण या नोकरीसाठी बी.कॉम. झालेली मुलं जी पत्रं पाठवतात, त्यातली बरीच एकसारखी असतात. म्हणून आज फक्त त्या पत्राबद्दल बोलू. पत्रात नेमकं काय लिहायचं, का लिहायचं आणि ते लिहिण्याआधी काय केलेलं असायला हवं, हे एक पूर्ण उदाहरण घेऊन बघू.

आधी कामाचं स्वरूप समजून घ्या

ईआरपी म्हणजे खरेदी, विक्री, स्टॉक, अकाउंट्स, कधी उत्पादन आणि पगारसुद्धा, हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये जोडलेलं असतं. एका ठिकाणी नोंद केली की तिचा परिणाम दुसऱ्या चार ठिकाणी दिसतो. सोय त्यातच आहे आणि डोकेदुखीही त्यातच आहे. गोडाऊनमधल्या मुलाने आज आकडा चुकवला, तर महिन्याच्या शेवटी नफ्याचा रिपोर्ट चुकतो, आणि तोपर्यंत कुणाला काही आठवत नाही.

सपोर्टवाल्याकडे येणारी तक्रार अशी असते : “साहेब, तुमचं सॉफ्टवेअर चुकीचा स्टॉक दाखवतंय.” आता यामागे चार कारणं असू शकतात. माणसाने नोंद चुकवली असेल. मास्टरमध्ये, म्हणजे आयटमच्या किंवा पार्टीच्या मूळ माहितीत, काही चुकलं असेल. एखादं सेटिंग चुकीचं असेल. किंवा सॉफ्टवेअरमध्येच खरोखर दोष असेल. ज्युनिअर माणसाचं पहिलं काम म्हणजे या चारपैकी नेमकं काय आहे ते ओळखणं. पहिली तीन कारणं असतील तर बहुतेक वेळा तो स्वतः सोडवतो. चौथं असेल तर पुराव्यासकट वरच्या टीमकडे पाठवतो.

इथे बी.कॉम.वाल्याची बाजू भक्कम असते. तक्रार येते सॉफ्टवेअरबद्दल, पण कारण बऱ्याचदा हिशोबात असतं. ज्याला डेबिट-क्रेडिट कळतं, क्लोजिंग स्टॉक चुकला की नफा का चुकतो हे कळतं, त्याला शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. पत्रात हेच दिसलं पाहिजे.

नेहमीचं पत्र पडून का राहतं?

नेहमीच्या पत्रातली ओळ अशी असते :

“मला टॅली, एक्सेल, ईआरपी आणि एसक्यूएलचं चांगलं ज्ञान आहे. मी मेहनती असून टीममध्ये काम करण्याची माझी क्षमता उत्तम आहे. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग ही माझी खासियत आहे.”

वाचणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. या ओळीत खोटं काही नसेल, पण तपासता येईल असंही काही नाही. ‘चांगलं’ म्हणजे किती? एक्सेलमध्ये बेरीज येते की पिव्होट येतो? प्रॉब्लेम सॉल्व्ह केला तो कोणता? सपोर्ट हेडला एकच गोष्ट हवी असते : ग्राहकाचा फोन आला की हा मुलगा घाबरून माझ्याकडे पळत येईल, की आधी दोन गोष्टी स्वतः तपासून मग येईल?

त्याचं उत्तर विशेषणांमधून मिळत नाही. तुम्ही सोडवलेल्या एका खऱ्या प्रश्नातून मिळतं. म्हणून माझा आग्रह असा की पत्राच्या मध्यभागी एकच प्रश्न ठेवा. काय बिघडलेलं दिसलं, कारण कुठे सापडलं, दुरुस्त कसं केलं आणि दुरुस्त झालं हे कशावरून ठरवलं, या चार गोष्टी त्यात आल्या पाहिजेत.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू

समजा, तुम्ही एका हार्डवेअर होलसेल दुकानात नोंदी करता. दुकान ईआरपीनेक्स्ट वापरतं. हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. आकडे मी समजावण्यासाठी घेतोय, पण अशी चूक अगदी नेहमीची आहे.

बोल्टचा एक आयटम आहे. खरेदी बॉक्सने होते, विक्री नगाने. एका बॉक्समध्ये 100 नग. बॉक्सचा खरेदी भाव जीएसटी सोडून 850 रुपये, म्हणजे नगाला साडेआठ रुपये. विक्री 12 रुपयांनी. दुकानात 5 बॉक्स आले आणि त्यातले 120 नग विकले गेले.

महिन्याच्या शेवटी मालक ओरडतात. सिस्टिममध्ये या बोल्टचा स्टॉक उणे 70 नग दिसतोय आणि आयटमच्या नफ्याच्या रिपोर्टमध्ये 8,760 रुपये तोटा दिसतोय. बोल्ट तर रॅकवर समोर दिसतायत!

आता बी.कॉम.वाला काय करतो बघा. तो आधी सप्लायरचं खातं उघडतो. 5 बॉक्स गुणिले 850, म्हणजे 4,250 रुपये. बरोबर आहे. ट्रायल बॅलन्सही जुळतोय. म्हणजे रक्कम बरोबर आहे आणि गडबड नगांमध्ये आहे. म्हणूनच आतापर्यंत अकाउंटंटच्या लक्षात काही आलं नव्हतं.

मग तो स्टॉक लेजर उघडतो. आवक दिसते 50 नग, दर 85 रुपये. तिथेच उत्तर आहे. 50 गुणिले 85 म्हणजेही 4,250. रक्कम तीच, पण नग दहापट कमी आणि दर दहापट जास्त. आयटम मास्टरमध्ये बघितलं तर एका बॉक्सचे 100 ऐवजी 10 नग लिहिलेले आहेत. एक शून्य राहून गेलं.

आता बाकीचे आकडेही जुळतात. सिस्टिमने 50 नग जमा धरले आणि 120 विकले, म्हणून उणे 70. विक्री 120 गुणिले 12, म्हणजे 1,440 रुपये. खर्च सिस्टिमने धरला 120 गुणिले 85, म्हणजे 10,200. त्यामुळे 8,760 तोटा. खरा खर्च साडेआठने 1,020 रुपये, म्हणजे प्रत्यक्षात 420 रुपये नफा आहे.

इथे एक जुनी युक्ती कामाला येते. अकाउंट्स शिकताना आपल्याला सांगितलेलं असतं की फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी किंवा शून्य कमी-जास्त झालं असावं. इथे नगांचा फरक आहे 500 वजा 50, म्हणजे 450. त्याला 9 ने भाग जातो. हा पुरावा नाही, शंका घ्यायला जागा आहे एवढंच. पण दर तंतोतंत दहापट, बारापट किंवा शंभरपट निघाला, तर सगळ्यात आधी युनिट बघावं. फरक 13 नग असा कसाही असेल, तर मोडतोड, चोरी किंवा राहून गेलेलं बिल शोधावं.

दुरुस्ती करताना खरी परीक्षा असते

कारण सापडलं म्हणून लगेच मास्टरमध्ये 10 चे 100 केले, तर जुना स्टॉक सुधारत नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये नोंद करताना तो आकडा त्या नोंदीच्या ओळीत उतरतो आणि तिथेच राहतो. मास्टर बदलला की पुढच्या नोंदी बरोबर होतील, मागची तशीच राहील. सबमिट केलेली नोंद थेट बदलताही येत नाही. ती रद्द करून सुधारित नोंद करावी लागते.

मग रद्द का करू नये? रद्द करता येते, पण या खरेदीला पेमेंट जोडलेलं आहे आणि त्या महिन्याचं जीएसटी रिटर्नही भरून झालंय. रद्द करायला गेलं की जोडलेली प्रत्येक नोंद सोडवावी लागते, सुधारित नोंदीला नवीन नंबर येतो आणि सीए विचारतो, “हे बिल बदललं कुणी?” रक्कम बरोबर असताना एवढी उलथापालथ कशाला?

दुसरा मार्ग आहे स्टॉक रिकन्सिलिएशन. रॅकवरचे नग प्रत्यक्ष मोजायचे. 500 आले, 120 गेले, 380 असायला हवेत. मोजून 380 च भरले, की त्या तारखेला 380 नग, दर साडेआठ, अशी नोंद करायची. स्टॉकची किंमत उणे 5,950 वरून 3,230 रुपयांवर येते. मधला 9,180 रुपयांचा फरक स्टॉक ॲडजस्टमेंटच्या खात्यात जातो आणि एकूण नफा जागेवर येतो. अर्थात, दुकानाने स्टॉकचा हिशोब अकाउंट्सशी आपोआप जोडलेला असेल तरच हे खात्यात उतरतं.

या मार्गाची एक मर्यादाही माहीत असू द्या. आयटमनिहाय जुना रिपोर्ट काढला तर त्या 120 नगांवर तोटाच दिसत राहील, कारण जुन्या बिलांवर चुकीचा खर्च बसलेला आहे. एकूण नफा बरोबर, आयटमचा जुना नफा चूक. मालकांना हे आधी सांगायचं असतं. नाहीतर पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा येते.

शेवटची पायरी बरेच जण विसरतात. एका आयटममध्ये शून्य राहिलं असेल, तर दुसऱ्यातही राहिलं असेल. म्हणून बॉक्सने येणारे बाकीचे आयटमही तपासायचे. मोजणी खरी आहे, परवानगी घेतलेली आहे आणि चूक परत होणार नाही याची सोय केली आहे, एवढं झालं की प्रश्न सुटला म्हणता येतं.

हे पत्रात कसं उतरवायचं?

बऱ्याच कंपन्यांना पत्र इंग्रजीत लागतं. तरी पहिला मसुदा मराठीत लिहा. आपल्या भाषेत जे सरळ सांगता येत नाही, ते आपल्यालाच नीट कळलेलं नसतं. मराठीत पत्र असं होईल :

> विषय : ज्युनिअर ईआरपी सपोर्ट ॲनालिस्ट पदासाठी अर्ज
>
> महोदय/महोदया,
>
> आपल्या जाहिरातीत स्टॉक आणि अकाउंट्स मॉड्यूलची जाण असलेला उमेदवार हवा असल्याचं वाचलं. मी बी.कॉम. पूर्ण केलं असून, गेले चौदा महिने एका हार्डवेअर होलसेल दुकानात ईआरपीनेक्स्टवर खरेदी, विक्री आणि स्टॉकच्या नोंदी करतो.
>
> तिथे सोडवलेला एक प्रश्न थोडक्यात सांगतो. बोल्टच्या एका आयटमचा स्टॉक उणे 70 नग दिसत होता आणि रिपोर्टमध्ये तोटा येत होता. सप्लायरचं खातं बरोबर असल्यामुळे मी रकमेऐवजी नग तपासले. एका बॉक्सचे 100 ऐवजी 10 नग मास्टरमध्ये लिहिले गेल्याने 500 नगांची आवक 50 दिसत होती. बिलाला पेमेंट जोडलेलं होतं आणि रिटर्न भरून झालं होतं, म्हणून बिल रद्द केलं नाही. प्रत्यक्ष 380 नग मोजले, मालकांच्या परवानगीने स्टॉक रिकन्सिलिएशन केलं आणि मास्टर दुरुस्त केला. त्यानंतर बॉक्सने येणारे बाकीचे 46 आयटम तपासले. त्यात अशाच 3 चुका सापडल्या. आता नवीन आयटम उघडताना बॉक्सवरचा छापील आकडा दुसऱ्या व्यक्तीने बघूनच मास्टर सेव्ह करतो.
>
> याशिवाय दर महिन्याला खरेदीची बिलं जीएसटीआर-2बीशी एक्सेलमध्ये जुळवतो. त्यासाठी पिव्होट टेबल आणि VLOOKUP वापरतो. एसक्यूएलमध्ये एका-दोन टेबलांतून माहिती काढता येते. प्रोग्रॅमिंग येत नाही. एसएपीवर काम केलेलं नाही.
>
> दुकानातल्या दोन नवीन मुलांना आवक नोंदवायला मीच शिकवलं. त्यासाठी मराठीत एक पानाची पायऱ्यांची यादी केली होती. ती सोबत जोडली आहे. त्यात दुकानाची कोणतीही माहिती नाही.
>
> भेटीसाठी बोलावल्यास हाच प्रश्न डेमो सिस्टिमवर पुन्हा घडवून दाखवू शकेन.
>
> आपला,
> (नाव, फोन नंबर)

एका पानात बसतं. मेलने पाठवत असाल तर पत्र मेलमध्येच लिहा, रिझ्युमे जोडा. पत्रही जोडपत्रात टाकलं, तर ते उघडलं जाईलच असं नाही.

या पत्रातल्या चार जागा नीट बघा

पहिली जागा : “रकमेऐवजी नग तपासले.” या तीन शब्दांतून वाचणाऱ्याला कळतं की मुलाने अंदाजाने इकडेतिकडे क्लिक केलेलं नाही. काय बरोबर आहे ते आधी ठरवून त्याने शोधाची जागा छोटी केली. सपोर्टचं काम हेच असतं.

दुसरी जागा : “बिल रद्द केलं नाही.” काय केलं हे सगळेच लिहितात. काय केलं नाही आणि का, हे फारच थोडे लिहितात. चालू सिस्टिममध्ये बेधडक नोंदी रद्द करणारा ज्युनिअर ही सपोर्ट हेडची खरी भीती असते. “मालकांच्या परवानगीने” हे दोन शब्दही त्याच भीतीला उत्तर देतात.

तिसरी जागा : “प्रोग्रॅमिंग येत नाही. एसएपीवर काम केलेलं नाही.” हे लिहायला हात अडखळतो, माहीत आहे. पण जाहिरातीत एसएपीचा उल्लेख असेल तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघड होणारच आहे. तुम्ही स्वतः सांगितलं, तर बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. जाहिरातीत मात्र प्रोग्रॅमिंग सक्तीचं असेल, तर ती जागा तुमच्यासाठी नाही. अशा कामाला टेक्निकल म्हणतात. आपण बोलतोय ते फंक्शनल बाजूचं काम, जिथे धंद्याची रीत आणि हिशोब कळावा लागतो.

चौथी जागा : जोडलेली एक पानाची यादी. सपोर्टमध्ये अर्धं काम समजावून सांगण्याचं असतं. “मला समजावता येतं” असं लिहिण्यापेक्षा समजावलेलं पानच दाखवा. फक्त त्यात दुकानाचे दर, पार्टीची नावं, जीएसटी नंबर जाऊ देऊ नका. जुन्या मालकाची माहिती बाहेर देणारा माणूस आपल्या ग्राहकांचीही देईल, असाच अर्थ लावला जातो.

लिहिलंत त्यावर प्रश्न येणारच

पत्रात प्रत्येक शब्द लिहिताना त्यावरचा पुढचा प्रश्न मनात धरा. वर ‘एसक्यूएल’ लिहिलंय. मग समोरचा म्हणेल, “उणे स्टॉक असलेले सगळे आयटम काढून दाखव.” ईआरपीनेक्स्टमध्ये ते असं निघतं :

```sql
SELECT item_code, warehouse, actual_qty
FROM `tabBin`
WHERE actual_qty < 0;
```

तीनच ओळी आहेत. कोणता आयटम, कोणतं गोडाऊन, किती नग, आणि शून्याच्या खाली असलेलेच. एवढं समजून लिहिता येत असेल तर ‘एसक्यूएल’ शब्द ठेवा, नसेल तर काढून टाका. पत्र त्याने हलकं होत नाही.

दुसरा प्रश्न हमखास असा येईल : “स्टॉक उणे गेलाच कसा? सिस्टिमने अडवलं नाही?” याचं उत्तर सेटिंगमध्ये आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये उणे स्टॉकला परवानगी देणारं सेटिंग असतं. ते चालू होतं, म्हणून विक्री होत राहिली. ते बंद असतं, तर चूक तीच राहिली असती, पण लक्षण वेगळं दिसलं असतं : 50 नग विकून झाल्यावर पुढचं बिल सबमिटच झालं नसतं आणि काउंटरवरून फोन आला असता, “सॉफ्टवेअर बिल घेत नाहीये.” आजार एक, तक्रारी दोन. हे सांगता आलं, की समोरच्याला खात्री पटते की प्रश्न तुम्हीच सोडवलाय.

म्हणूनच हे पत्र जसंच्या तसं उतरवू नका. बोल्टची गोष्ट माझी आहे. तिच्यावर तिसरा प्रश्न आला की उतरवणारा अडकतो.

माझ्याकडे असा किस्साच नाही, मग?

मग तो घडवा, पण खरा. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराला विचारा, किराणा असो की स्टेशनरी, “तुमच्या वीस आयटमचा स्टॉक मी मोजून सिस्टिमशी जुळवून देऊ का?” एवढ्या कामाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मोजलेले नग एका रकान्यात, सिस्टिमचे दुसऱ्यात, फरक तिसऱ्यात. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा : फरकाचं कारण. वीसपैकी ज्या आयटममध्ये फरक आला, त्यातल्या एकाचं तरी कारण कागदोपत्री शोधून काढा. कधी ते युनिट असतं, कधी विक्री परतीची राहिलेली नोंद, कधी एकच बिल दोनदा चढलेलं असतं. दुरुस्ती दुकानदाराला किंवा त्यांच्या अकाउंटंटलाच करू द्या, तुम्ही शेजारी बसून बघा. पत्रातही तसंच लिहा : “फरकाचं कारण मी शोधलं, दुरुस्ती अकाउंटंटने केली.” यात काहीच कमीपणा नाही.

दुकान मिळालंच नाही, तर ईआरपीनेक्स्ट स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येतं, आणि टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये लायसन्स न घेता उघडतं. तिथे तारखांवर मर्यादा असते, पण शिकायला पुरतं. एक छोटं दुकान तयार करा, मुद्दाम 100 च्या जागी 10 टाका, विक्री करा आणि कोणकोणते रिपोर्ट बिघडतात ते टिपून ठेवा. पत्रात मात्र ‘सरावासाठी तयार केलेल्या सिस्टिमवर’ हे शब्द लिहायला विसरू नका. सराव आणि अनुभव यांतला फरक तुम्ही लपवलात, तर तो समोरचा शोधून काढेल.

आणि धंदा सुरू करायचाय त्यांना हे कशाला?

कारण उद्या तुम्ही ग्राहकाला कोटेशनचं पत्र पाठवाल, तेव्हाही हेच विचारलं जाईल. “आमची सर्व्हिस उत्तम आहे” या ओळीवर कुणी ऑर्डर देत नाही. “तुमच्यासारख्याच एका दुकानात ही अडचण होती, कारण हे निघालं, आम्ही असं केलं आणि हे काम आम्ही करत नाही” असं लिहिलेल्या पत्राला निदान फोन तरी येतो. परवा तुम्हीच कुणालातरी कामावर घ्याल, तेव्हा समोर आलेल्या अर्जात हीच एक गोष्ट शोधा.

आज एक काम करा. एक कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा : काय बिघडलं होतं, कारण कुठे होतं, काय केलं, बरोबर झालं हे कसं तपासलं. चारही ओळी भरल्या, तर पत्र जवळजवळ तयार आहे. चौथी ओळ कोरी राहिली, तर आधी त्या दुकानात परत जा, नग मोजा आणि मगच अर्ज लिहायला बसा.